सकाळचा कप

"ताई, फिटच्या गोळ्यांनी पोटातल्या बाळाला व्यंग येतं म्हणतात. मग मूल हवं असलं की गोळ्या बंद का नाही करायच्या? तुम्ही तर घेतच राहिलात."

बंद करून पाहिल्या होत्या मी, चार दिवस. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला अमळनेरला माहेरी आले होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "गोया बंद करी टाक माय." मलाही ते पटलं. पाचव्या दिवशी सकाळी ओट्याशी उभी असताना फिट आली. गॅसवर दूध होतं. हातावरचा डाग अजून आहे. तेव्हा दिवस राहिलेले नव्हते, हे नशीब. मोठ्या फिटमध्ये आईचा श्वास अडखळतो, तेवढा वेळ बाळाचाही ऑक्सिजन कमी पडतो. पोटावर पडलं तर वार सुटू शकते. आणि गोळ्या अशा एकदम तोडल्या की फिटवर फिट येत राहून आईच्याच जिवावर बेततं.

धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी रागावून झाल्यावर विचारलं, "बंद कशाला केल्या? बदलायला आला असतात तर?" बदलता येतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

माझा आजार सोळाव्या वर्षी सुरू झाला. सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसायचा, चहाचा कप उडायचा. घरचे धांदरट म्हणायचे. मग कानबाईच्या जागरणानंतर पहाटे पहिली मोठी फिट आली. या प्रकाराला जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. झोप मोडली की तो उसळतो आणि बहुतेकांना गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. मला व्हॅलप्रोएट होतं, सकाळ-संध्याकाळ ५०० मिलिग्रॅम. या आजारावर इतकं चांगलं औषध क्वचितच, पण गरोदरपणात सगळ्यात वाईट तेच. एरवी शंभरात दोन-तीन बाळांना मोठं व्यंग असतं; व्हॅलप्रोएटवर ते दहाच्या आसपास जातं. शिवाय शंभरातल्या तीस-चाळीस मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात अडचणी दिसतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त.

डॉक्टरांनी कॅलेंडर पुढे ओढलं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. तेव्हा घाबरून गोळी बंद केली तर त्या नळीच्या व्यंगाच्या बाबतीत काही वाचत नाही, फिट मात्र येते. बदल करायचा तो आधी. आणि व्हॅलप्रोएट चालू असताना दिवस राहिल्याचं कळलंच, तर गोळी बंद न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मग गरोदरपणात त्याहून बरंच सुरक्षित असलेलं लेव्हेटिरासिटाम सुरू झालं, ५०० दोनदा. ते हळूहळू १००० दोनदा केलं, आणि त्यानंतर व्हॅलप्रोएट दर काही आठवड्यांनी थोडं थोडं उतरवलं. तोवर संततिनियमन चालू आणि फोलिक ॲसिड रोज ५ मिलिग्रॅम. नव्या गोळीने माझी चिडचिड इतकी वाढली की नवरा सासूबाईंच्या खोलीत झोपायला गेला! महिन्या-दीड महिन्यात ओसरली. व्हॅलप्रोएट पूर्ण सुटल्यावर सहा महिने फिट नाही, झटका नाही, मगच डॉक्टर "आता चालेल" म्हणाले. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. काहींना दुसऱ्या कशानेच फिट आवरत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर धोका समजावून व्हॅलप्रोएटच जमेल तितक्या कमी डोसवर ठेवतात. फिटचा प्रकार वेगळा असेल तर औषधही वेगळं.

चौथ्या महिन्यात एका सकाळी भाकरी थापताना हात उडाला, पीठ भिंतीवर. गोळी एकही चुकली नव्हती. पण गरोदरपणात मूत्रपिंडं औषध लवकर बाहेर टाकतात, त्यामुळे तोच डोस रक्तात अपुरा पडतो. रक्तातली पातळी तपासली, ती बरीच उतरलेली निघाली. डोस १५०० दोनदा केला. सासूबाई हादरल्या, "कमी करायच्या सोडून वाढवता?" डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं की गोळीचा आकडा वाढला, तरी सुनेच्या रक्तात जातंय ते पूर्वीएवढंच. झटके थांबले. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफीही ठीक आली.

बाळंतपणानंतर शरीर पूर्वपदावर येतं आणि वाढवलेला डोस जड होतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांत तो परत १००० वर आणला. अंगावर पाजणं चालू ठेवलं. रात्रीचं एक दूध मी आधीच काढून ठेवायचे आणि ते नवरा पाजायचा, म्हणजे मला सलग पाच तास झोप मिळे. लंगोट जमिनीवर सतरंजी टाकूनच बदलायचे आणि अंघोळ घालताना आई शेजारी बसायची. त्या वर्षी कानबाईला ओवाळून मी दहाला झोपले. मावशी काय म्हणाल्या ते विचारू नका.