चार हजार डॉलर 'गेले' त्या दिवशी

31 मे 2024, शुक्रवार. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसचं शटर अर्धं खाली ओढलं होतं आणि घरी जाताना सेव-उसळ घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न शिल्लक होता. तेवढ्यात फोन आला. आमच्या जुन्या वाड्यातल्या शेजारच्या वहिनींची मुलगी. लहानपणी माझ्या मुलीबरोबर ओट्यावर सागरगोटे खेळायची, आता घरी बसून अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते.

"काका, माझे चार हजार डॉलर गेले! सकाळी आठ हजार होते, आत्ता चारच दिसतायत. कुणीतरी खातं हॅक केलंय."

मी तिला विचारलं, "तारीख काय आज?"

"एकतीस. का?"

"मग हॅकर नाही. उद्या सकाळी लॅपटॉप घेऊन ये. पैसे जमा झाल्याचे बँकेचे कागद, सगळे क्रेडिट ॲडव्हाइस, तेही आण."

तिचा विश्वास बसला नाही हे फोनवरही कळलं. पण एकतीस तारीख म्हटल्यावर मला जे आठवलं, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी एका मैत्रिणीने तिला पटवलं होतं, की पैसे आल्याआल्या रुपयात बदलणं हा मूर्खपणा आहे. मैत्रीण लिस्बनमध्ये राहते. तिच्याकडे एक मल्टी-करन्सी खातं आहे, त्यात डॉलर, युरो, पाउंड शेजारी शेजारी ठेवते, आणि दर बरा दिसला की बदलते. वहिनींच्या मुलीलाही तसंच हवं होतं. तिने बँकेत जाऊन डॉलरमधलं ईईएफसी खातं उघडलं. परकी चलन कमावणाऱ्या, भारतात राहणाऱ्या माणसाला मिळणारं हे खातं. कमाई शंभर टक्के त्यात जमा करता येते. तिला वाटलं, झालं, आपलंही लिस्बन झालं.

पण दोन गोष्टी निसटल्या. एक, ईईएफसी हे चालू खातं आहे, त्यावर दमडीचं व्याज मिळत नाही. दुसरी, आणि हीच त्या संध्याकाळची खलनायिका: एका महिन्यात जमा झालेलं परकी चलन पुढच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत रुपयात बदलावंच लागतं. मधल्या काळात कुठल्या मान्य कामासाठी वापरलं, किंवा त्यावर आधीच फॉरवर्ड सौदा, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आजच ठरवून टाकणारा सौदा, बांधला, तर तेवढं वजा होतं. बाकीचं तुम्ही बदललं नाही तर बँक बदलते. एप्रिलचे चार हजार डॉलर त्या नियमाने एकतीस मेला गेले. मेचे चार हजार तसेच राहिले, कारण त्यांना तीस जूनपर्यंत मुदत होती. पडद्यावर मात्र दिसलं ते एवढंच, की आठाचे चार झाले.

"मग आधीच्या महिन्यांत कसं झालं नाही?" तिने शनिवारी सकाळी विचारलं. रास्त प्रश्न होता. स्टेटमेंट काढलं. आधी ती दर महिन्याला स्वतःच बदलत होती. मार्चनंतर थांबली. चार जूनला लोकसभेचे निकाल होते, आणि कुणीतरी सांगितलं होतं की निकालानंतर रुपया जोरात हलणार.

आम्ही बँकेत गेलो. फॉरेक्सच्या टेबलावरच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, "सिस्टम ऑटोमॅटिक करे छे, साहेब. एमां कार्ड रेट ज लागे." मला ऐकायचं होतं तेच. शुक्रवारी बाजारात डॉलर 83 रुपये 40 पैशांच्या आसपास होता. तिला मिळाला 82 रुपये 60 पैसे. डॉलरमागे 80 पैसे म्हणजे चार हजारांवर 3,200 रुपये. हा कार्ड रेट बँक सकाळी ठरवते, छोट्या रकमांसाठी, आणि दिवसभरात बाजार हलला तरी आपलं नुकसान होऊ नये म्हणून त्यात भरपूर जागा ठेवते. न बोलणाऱ्या ग्राहकाला तोच मिळतो.

बोलणाऱ्याला काय मिळतं? बाजार चालू असताना शाखेला फोन करून "कार्ड रेट नको, लाइव्ह दर द्या, मार्जिन किती पैसे घेणार ते सांगा" असं विचारलं, तर ते ट्रेझरीला, म्हणजे बँकेचे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागाला विचारतात. आमच्या बाबतीत पुढे 15 पैशांवर तोडगा निघाला, म्हणजे तेवढ्याच रकमेवर 600 रुपये. प्रत्येक बँक देईलच असं नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत, आणि बडोद्यात राहून भाव न करता घेणं मला जरा लाजिरवाणंच वाटतं. तपासायचं कसं, तेही सोपं आहे. दुपारी दीडच्या सुमारास एफबीआयएल ही संस्था रुपयाचा त्या दिवसाचा संदर्भ दर जाहीर करते. ॲडव्हाइसवरचा दर त्याच्या शेजारी ठेवायचा आणि वजाबाकी करायची. बँका 'शुल्क शून्य' असं छापतात तेव्हा शुल्क त्या वजाबाकीत बसलेलं असतं.

तिचा राग मात्र 80 पैशांवर नव्हता, थांबू दिलं नाही यावर होता. म्हणून ऑफिसात परतल्यावर मी एका कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. तिच्या घराचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं, साडेआठ टक्क्यांचं. त्यात रुपये टाकले की त्या दिवसापासून व्याज वाचतं. त्या चार हजारांचे 3,30,400 रुपये एप्रिलात आल्याआल्या, म्हणजे दीड महिना लवकर टाकले असते तर साधारण 3,460 रुपये वाचले असते. म्हणजे दीड महिना डॉलर धरून ठेवणं फायद्याचं व्हायला डॉलर 86-87 पैशांनी तरी वर जायला हवा होता. आणि आदल्या मेअखेरीपासून त्या मेअखेरीपर्यंत, अख्ख्या वर्षात, डॉलर रुपयाभरसुद्धा वर गेला नव्हता. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे मी वाट बघायचे पैसे देत होते?"

मी हो म्हटलं. आणि मग तिच्या चहात तिसरं बिस्कीट बुडवत असताना माझं लक्ष दुसऱ्याच कागदावर गेलं.

डॉलरशिवाय तिला एका जर्मन प्रकाशकाकडून दर महिन्याच्या सहा तारखेला 1,200 युरो येत होते. हे युरो डॉलरच्या खात्यात बसत नाहीत. ईईएफसी खातं चलनागणिक वेगळं असतं आणि युरोचं तिने उघडलंच नव्हतं. त्यामुळे ते आल्याआल्या रुपये होऊन तिच्या साध्या चालू खात्यात पडायचे. बँकेचा खरेदीचा दर 88.70. इथवर मी दुर्लक्ष केलं असतं. पण दहा तारखेला 900 युरो बाहेर जात होते, पोर्तुगालमधल्या एका चित्रकाराला, जो तिच्या स्क्रीनसाठी चित्रं काढून देतो. ते युरो ती त्याच बँकेकडून विकत घेत होती. बँकेचा विक्रीचा दर 91.80.

"अगं, हे काय? तुझेच युरो सहा तारखेला त्यांना विकतेस आणि दहाला त्यांच्याकडूनच परत घेतेस?"

तिने दोन्ही ॲडव्हाइस हातात घेतले. एक इकडे, एक तिकडे. पाच-सहा वेळा डोळे इकडून तिकडे फिरले. चार दिवसांत युरो कुठेही गेला नव्हता. फक्त काउंटरच्या पलीकडे जाऊन आला होता, आणि येता-जाता युरोमागे 3 रुपये 10 पैसे ठेवून आला होता. 900 युरोंवर 2,790. शिवाय चलन बदलताना जीएसटी लागतो. तो नफ्यावर नाही तर बदललेल्या रकमेच्या ठरलेल्या हिश्शावर मोजतात, लाखापर्यंत एक टक्का धरून त्यावर 18 टक्के. दोन्ही वेळचा मिळून तीनशेच्या जवळ. महिन्याला तीन हजारांवर आणि असे चौदा महिने.

ज्या चार हजार डॉलरसाठी तिला रात्रभर झोप लागली नव्हती त्यात गेले 3,200, एकदाच. आणि इथे आवाज न करता चाळीस हजारांहून जास्त. मला वाईट वाटलं ते माझंच. तिचं रिटर्न मीच भरत होतो. चित्रकाराचे पैसे पाठवताना प्रत्येक वेळी आयकराच्या 15 सीए फॉर्मसाठी मीच बसायचो. खर्चाची रक्कम बघितली, दर कधी बघितला नाही.

पुढच्या आठवड्यात युरोचं ईईएफसी उघडलं. प्रकाशकाचे 1,200 युरो त्यात जमा करा, अशी लेखी सूचना बँकेला देऊन ठेवली, कारण सूचना नसली तर सवयीने रुपये होतात. दहाला चित्रकाराचे 900 तिथूनच, परदेशी पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म आणि त्याचं बिल जोडून जातात, मध्ये रुपया येतच नाही. उरलेले 300 त्याच दिवशी बदलतो. डॉलरमधले दोनशे-अडीचशे परदेशी सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या बिलांसाठी राहतात, बाकीचे आल्या दिवशी फोन करून लाइव्ह दराने कर्जखात्यात. तिच्या बाबतीत चलन धरून ठेवण्याचं कारण एवढंच उरलं, की त्याच चलनात बाहेर काही द्यायचंय का. नसेल तर ठेवण्यात मला काही दिसत नाही.

लिस्बनच्या मैत्रिणीचा विषय तिने तरीही सोडला नाही. "ती ठेवते, मग मी का नाही?" कारण ती तिथे राहते, तू इथे. तिच्या खात्यासारखी परदेशी ॲप भारतात राहणाऱ्याला अमेरिकन खात्याचा नंबर देतात, युरोसाठी आयबॅन म्हणजे युरोपातला खाते क्रमांक देतात, पण पैसे शेवटी इथल्या बँकेत रुपये होऊनच उतरवतात. वहिनींच्या या मुलीचा भाऊ टोरांटोला नोकरी करतो. तो अनिवासी, म्हणून तो इथे एफसीएनआर ठेव डॉलरमध्येच एक ते पाच वर्षं ठेवू शकतो आणि वर व्याजही घेतो. अलकापुरीतले माझे एक पक्षकार तीस वर्षं अमेरिकेत काढून परत आले. त्यांच्या आरएफसी खात्यात डॉलर निवांत पडलेले असतात, त्यांना कुठली महिनाअखेर नाही. तीन माणसं, तिघांना तीन नियम. पासपोर्ट तिघांचा एकच.

निकालाच्या आठवड्यात काय झालं, तेही सांगून टाकतो. एक्झिट पोल आल्यावर सोमवारी रुपया उलट वधारला, मंगळवारी निकालात पुन्हा घसरला. दोन दिवसांची धावपळ, पण आमच्या त्या 86 पैशांच्या जवळपासही नाही.

डिसेंबर 2025 मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली. त्या रात्री तिचा मेसेज आला: "काका, 2024 चे ते चार हजार असते तर?"

मी लिहिलं, "एकतीस मेला गेले नसते तर तीस जूनला बाकीच्यांबरोबर गेले असते का, तेवढंच विचार."

तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. "नाही, मुदत तर एकतीस मेचीच होती. बरं, चित्रकार आता 950 मागतोय. देऊ?"