तेराव्या अध्यायातला पाहुणा

आमच्या कॉलनीत गीता जयंतीला पारायण असतं, आळीपाळीने प्रत्येकाने एक श्लोक म्हणायचा, आणि दरवर्षी तेरावा अध्याय आला की गडबड होते. यंदा माझा नंबर दुसऱ्या श्लोकाला होता, मी 'क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि' सुरू केलं तर शेजारच्या काकू म्हणाल्या अगं थांब, तो तिसरा आहे. त्यांच्या पुस्तकात खरंच तिसरा होता.

दोन्ही पुस्तकं बरोबर. काकूंच्या प्रतीत अध्यायाच्या तोंडालाच अर्जुन विचारतो, 'प्रकृतिं पुरुषं चैव क्षेत्रं क्षेत्रज्ञमेव च, एतद्वेदितुमिच्छामि ज्ञानं ज्ञेयं च केशव', तर माझ्या प्रतीत हा श्लोकच नाही, थेट भगवंत 'इदं शरीरं कौन्तेय' म्हणत सुरू होतात. म्हणून तेरावा माझ्याकडे ३४ श्लोकांचा, काकूंकडे ३५ चा, आणि पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकलेला. काही छापील प्रतींत श्लोक असतो पण नंबर नसतो, म्हणजे पाहुणा घरात आहे पण रेशनकार्डावर नाही. हा सोडून अठराही अध्यायांची बेरीज केली की ७०० येते, हा धरला तर ७०१.

सातशे ही गोष्ट जुनी आहे. शंकराचार्य आपल्या भाष्याच्या सुरुवातीलाच सांगतात की व्यासांनी हे सातशे श्लोकांत गुंफलं, आणि तेराव्यात ते भाष्य 'इदं शरीरं'पासून करतात, या प्रश्नाला हातही लावत नाहीत.

मग तो घातला कोणी? नाव कुणाचं घेता येत नाही, पण का घातला ते दिसतं. प्रश्न न विचारता उत्तर सुरू झालेलं कुणाला तरी खटकलं असावं. खरं तर चौथा, सातवा, नववा, दहावा, सगळे असेच भगवंतांच्या बोलण्यानेच सुरू होतात, तिथे कुणाला काही खटकलं नाही! आणि या श्लोकात अर्जुन जी सहा नावं घेतो ना, क्षेत्र, क्षेत्रज्ञ, ज्ञान, ज्ञेय, प्रकृती, पुरुष, ती म्हणजे अख्ख्या अध्यायाची अनुक्रमणिकाच आहे. उत्तर आधीच वाचलेल्या माणसाने प्रश्न लिहिला की असंच होतं, मला तरी तसंच वाटतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतही तो मूळ संहितेत नाही.

आता गंमत म्हणजे महाभारताच्याच काही पोथ्यांत गीतेनंतर एक हिशोब येतो, कृष्णाचे ६२०, अर्जुनाचे ५७, संजयाचे ६७, धृतराष्ट्राचा १. बेरीज ७४५. आजच्या सातशेच्या प्रतीत मोजले तर कृष्ण ५७४, अर्जुन ८४, संजय ४१, आणि धृतराष्ट्र तेवढा दोन्हीकडे एकच. जुळत नाही ते नाहीच, त्याच्यापुढे आमची एकाची भानगड म्हणजे काहीच नाही.

काकूंनी शेवटी त्यांच्या पुस्तकात पहिल्या श्लोकाला पेन्सिलने कंस केला आणि म्हणाल्या हा आपण सगळ्यांनी मिळून म्हणू, मोजणी त्याच्या पुढनं.