बँक स्टेटमेंटने आमचा १२ महिन्यांचा रनवे ७ वर आणला – माझा अनुभव

आमच्या कंपनीत पैसे घालण्यासाठी इन्व्हेस्टरबरोबर प्राथमिक अटींच्या टर्मशीटवर सही झाली आणि त्यांची तपासणी, म्हणजे ड्यू डिलिजन्स, सुरू झालं तेव्हा मला वाटलेलं की बँक स्टेटमेंट म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी, बॅलन्स दिसला की झालं. इन्व्हेस्टरला दाखवलेल्या प्रेझेंटेशनमध्ये, म्हणजे डेकमध्ये, मी लिहिलेलं बर्न, म्हणजे शिल्लक पैशांतली घट, महिन्याला १० लाख आणि रनवे, म्हणजे उरलेले पैसे पुरतील तो काळ, १२ महिने. हे काही मनाने लिहिलं नव्हतं, सहा महिन्यांपूर्वी सगळ्या खात्यांत मिळून १८० लाख होते, सहाव्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला १२० उरले, म्हणजे ६० लाख गेले, भागिले सहा.

इन्व्हेस्टरकडच्या मॅडमनी आधी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागितली, बंद पडलेल्या खात्याचं पण, आणि एक्सेल नको, बँकेतून डाउनलोड केलेली पीडीएफच पाहिजे म्हणाल्या. मग व्हिडिओ कॉलवर मला नेटबँकिंग उघडायला लावलं आणि मधल्याच कुठल्यातरी चार-पाच तारखांच्या एंट्री पीडीएफशी जुळवून बघितल्या. प्रत्येक ओळीत आधीचा बॅलन्स अधिक जमा वजा खर्च बरोबर पुढचा बॅलन्स येतो का हेही त्या तपासतात, कारण कोणी पीडीएफमधली एखादी रक्कम बदलली तर साखळी तिथेच तुटते. आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले पैसे, एफडीत गेलेले आणि परत आलेले, हे सगळं त्यांनी आधीच काढून टाकलं, नाहीतर जमा पण फुगते आणि खर्च पण.

मग खरं काम सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात १२ लाखांची जमा होती, त्यांनी विचारलं हे कुठले? ते मीच कंपनीला दिलेलं कर्ज होतं, पगाराच्या वेळी अडचण होती म्हणून. त्या म्हणाल्या, "हे धंद्यातून आलेले नाहीत ना, मग यांनी फक्त बॅलन्सची घट लपवली." म्हणजे खरे गेलेले ६० नाही, ७२.

पुढचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी होतो, पण सहाव्या महिन्यात बँकेला सुट्टी आली म्हणून तो पुढच्या महिन्याच्या २ तारखेला गेला, त्यामुळे त्या सहा महिन्यांत पगार पाचच वेळा दिसत होता. ६ लाख आणखी वाढले, ७८ झाले. त्या पगार, भाडं, सर्व्हरचं बिल अशा दर महिन्याला येणाऱ्या एंट्री आधी मोजतात, सहा महिन्यांत सहा वेळा आल्या का ते बघतात, आणि एखादी कमी असेल तर पुढच्या आठवड्याचं स्टेटमेंट मागतात. बर्न कमी दिसावा म्हणून व्हेंडरची बिलं मुद्दाम थांबवली असतील तर तीही तिथेच सापडतात.

शेवटच्या आठवड्यात एका कस्टमरने वर्षभराचे १२ लाख ॲडव्हान्स भरलेले. मला ते आमचं सगळ्यात चांगलं सेल वाटत होतं आणि अजूनही वाटतं, पण सर्व्हिस सुरूच झाली नव्हती आणि त्या कस्टमरकडून पुढचे बारा महिने काही येणार नव्हतं. ते बाजूला काढले तर ९० लाख, म्हणजे बर्न महिन्याला १५.

रेव्हेन्यूवर पण प्रश्न आले. डेकमध्ये इनव्हॉइसप्रमाणे महिन्याला ९ लाख होते, बँकेत कस्टमरकडून सरासरी साडेसहाच येत होते. फरक कुठून, तर पेमेंट गेटवे आपली फी आणि रिफंड कापून दोन-तीन दिवसांनी एकगठ्ठा रक्कम टाकतो, आणि दोन मोठ्या कस्टमरचे पैसे तीन महिन्यांपासून थकलेले. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट लावल्यावर फी-रिफंडचा फरक सुटला, थकबाकीचा नाही, ती वेगळी लिहून द्यावी लागली. शिवाय पैसे देणाऱ्याचं नाव आणि व्हेंडरचं नाव त्या समोरासमोर ठेवतात, कारण आपणच कोणाला तरी पैसे देऊन तेच सेल म्हणून परत आणण्याचे प्रकार होतात. आमच्याकडे एक नाव दोन्हीकडे निघालं, त्याचं ॲग्रीमेंट आणि दोन्ही बाजूंचे इनव्हॉइस दाखवल्यावरच तो मुद्दा बंद झाला.

राहिला बॅलन्स. १२० मधून न दिलेला पगार ६ गेला, आणि ९ लाखांची एफडी बँक गॅरंटीसाठी अडकलेली, ती मोडता येत नव्हती. वापरता येणारे १०५, भागिले १५, रनवे ७ महिने.

माझा एकच आक्षेप होता आणि तो मी मांडला, ॲडव्हान्सचे १२ लाख पूर्ण बाहेर काढले तर ती विक्री झालीच नाही असं दिसतं. त्यांनी ते अर्धं मान्य केलं, शेजारी दुसरी ओळ टाकली, ॲडव्हान्स धरून बर्न १३, रनवे ८ महिने. मीटिंगला दोन्ही ओळी गेल्या, डेकमधला १२ चा आकडा मी त्याच रात्री काढला आणि मागायची रक्कम १८ महिन्यांच्या बर्नवर नव्याने मांडून पाठवली. तीन आठवड्यांनी पैसे आले.