मार्चचा फॅट जूनमध्ये बदलला

सांगलीतल्या एका दूध संघात संकलनाचे आकडे माझ्याकडे असतात. जूनच्या बैठकीत चेअरमन आप्पांनी मार्चचा छापील कागद काढला. त्यावर आमच्या गटाचा सरासरी फॅट 4.40, आणि भिंतीवरच्या डॅशबोर्डवर त्याच मार्चचा 4.77. "दूध तीन महिन्यांनी घट्ट झालं काय रे?" सगळे हसले, मी सोडून.

डॅशबोर्ड म्हणजे गूगल शीट, सहा जणांना एडिटचा हक्क. त्या सेलवर राइट क्लिक करून Show edit history बघितली, तर काहीच नाही. कारण तो सेल 'हिशोब' टॅबमधून आकडा उचलतो. दुसरीकडचं सूत्र बदलून इथला आकडा हलला, तर त्याची नोंद इथे होत नाही. मग File मधून Version history उघडली आणि एकेक जुनी आवृत्ती उघडून 'हिशोब'मधलं सूत्र वाचत मागे गेलो. मे महिन्यात सापडलं:

```
आधी:  =SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(B2:B4)
नंतर: =AVERAGE(C2:C4)
```

तीन केंद्रं होती. 1000 लिटर 3.8 फॅटचं, 600 लिटर 4.0 चं आणि 400 लिटर म्हशीचं, 6.5 चं. लिटरच्या वजनाने सरासरी 4.40 येते. नव्या पोराला सूत्र लांबलचक वाटलं, त्याने सोपं केलं, आणि 400 लिटरला 1000 लिटरइतकाच मान मिळाला. त्याच्यावर काय चिडणार, सूत्र तसं का आहे हे कुठे लिहिलंच नव्हतं.

आता 'बदल' नावाचा टॅब आहे: तारीख, सेल, जुनं सूत्र, नवं सूत्र, कारण, आणि पाठवून झालेला कुठला आकडा किती हलला. हा शेवटचा रकाना भरायचा सगळ्यांना कंटाळा, पण खरा उपयोग त्याचाच. सूत्राला हात लावण्याआधी त्या आवृत्तीला नाव द्यायचं. निनावी आवृत्त्या गूगल कधीकधी एकत्र करून टाकतं, मग मधला बदल शोधणं अवघड जातं.

तरी माणूस नोंद विसरतोच. म्हणून महिना बंद झाला की आकडे 'पाठवलेले' टॅबमध्ये Ctrl+Shift+V ने, नुसत्या किमती म्हणून, चिकटवतो. तो टॅब फक्त माझ्या हक्कात. शेजारी चालू आकडा आणि ही तपासणी:

```
=IF(ROUND(B2,2)=ROUND(C2,2),"","हलला")
```

यातून सूत्र बदललं की मूळ नोंद, ते कळत नाही. नुसतं हलल्याचं कळतं. गेल्या महिन्यात "हलला" दिसलं, 'बदल'मध्ये मात्र ओळ नव्हती. एका केंद्राने संध्याकाळच्या संकलनातली चूक उशिरा दुरुस्त केली होती. दुरुस्ती बरोबरच होती. जुना आकडा तसाच ठेवून खाली "सुधारित" अशी नवी ओळ घातली आणि बैठकीआधी आप्पांना फोन केला.