बारा डबे आणि एक तवा

घरात चार माणसांचा स्वयंपाक रोज व्हायचाच, त्यात विकायला आणखी पाच जेवणाचे डबे कसेही निघतील, असं मला वाटलं होतं. दोन शेगड्या, एक तवा, एक कढई आणि पाच लिटरचा कुकर एवढंच सामान होतं. पहिल्या महिन्यात जेवणाला कुणी नाव ठेवलं नाही. पण हिशेब केला तर हातात जवळपास काहीच उरलेलं नव्हतं. किराणा आणि भाजीचे भाव तर तेच होते, मग पैसे जात होते कुठे?

नव्याने घेतलं ते फक्त एक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. एक किलो पिठात साधारण ६०० मिली पाणी, थोडं तेल, मीठ घालून भिजवलं की माझ्याकडे सुमारे १६५० ग्रॅम कणीक होते. त्या दिवशी मी सवयीने गोळे केले आणि मग एकेक काट्यावर ठेवला. कुठला ४५ ग्रॅमचा, कुठला थेट ६० चा. साठ ग्रॅमने किलोभर पिठाच्या २७ पोळ्या होतात, पंचेचाळीसने ३६. डब्यात तीन पोळ्या धरल्या तर तीन डब्यांचा फरक! घरच्या माणसांना मोठी पोळी वाढावी हे हाताला लागलेलं वळण होतं, त्यात वावगं काहीच नाही. पण डब्याला माप हवं. आठवडाभर प्रत्येक गोळा तोलला, मग हातालाच कळायला लागलं.

भाजीचंही तसंच. किलोभर भेंडी आणली की किलोभर भाजी, असं मी धरत होते. देठं-टोकं काढून आणि पाणी आटेपर्यंत परतून कढईतली भाजी काट्यावर ठेवली, तर जेमतेम सहाशे ग्रॅम भरली. १२० ग्रॅमचे आठ नाही, पाचच डबे. म्हणून आता भाजीचा खर्च शिजल्यानंतरच्या वजनावर काढते आणि भेंडीच्या दिवशी सोबत डाळीची आमटी थोडी जास्त देते.

एक तक्रार मात्र खरी होती. उन्हाळ्यात एका ताईंनी सांगितलं, "पोळ्या ओल्या लागतात, उसळीला वास येतो." तव्यावरची गरम पोळी थेट डब्यात भरून झाकण लावत होते, वाफेचं पाणी झाकणाला धरून खाली गळायचं. उसळीत ओलं खोबरंही होतं, ते उन्हाळ्यात लवकर आंबतं. तेव्हापासून पोळ्या आधी सुती कापडावर पसरते, वाफ गेली की रचते, आणि उन्हाळ्यात उसळीला सुकं खोबरं भाजून वाटते.

सकाळचा क्रमही ठरला. एका शेगडीवर कुकर लागतो, तो उतरला की तिथेच फोडणी. दुसरी शेगडी सुरुवातीपासून तव्याचीच. लाटून भाजून एका पोळीला मला दीड मिनिट लागतं, म्हणजे ३६ पोळ्यांना जवळपास तास. घरच्या पोळ्या त्यानंतर. बारा डब्यांवर गाडी थांबते ती तव्यामुळे, कढईत अजून जागा असते. तेराव्या डब्यासाठी शेजारच्या वहिनींनी विचारलं तेव्हा मी त्यांना थांबायला सांगितलं. आता लाटायला सोबत येणारी एक बाई बघतेय.