एकाच पावडरीची दोन उत्तरं: ब्लॉकिंग तापमान शोधताना आलेला अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी मॅग्नेटाइटचे नॅनोकण बनवत होते. फेरिक आणि फेरस क्लोराइड दोनास एक प्रमाणात घ्यायचं, ढवळत ढवळत अमोनिया सोडायचा, की नारिंगी द्रावण बघता बघता काळंभोर होतं. टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, कणांचा सरासरी व्यास १० नॅनोमीटर आला. व्हीएसएम या मॅग्नेटोमीटरवर खोलीच्या तापमानाला क्षेत्र वाढवत-कमी करत चुंबकत्वाचा लूप घेतला, तर जाण्याची आणि येण्याची रेघ एकमेकींवर बसलेली, कोअर्सिव्हिटी शून्य. मी वहीत लिहून टाकलं, ‘सुपरपॅरामॅग्नेटिक’, म्हणजे कणांचं चुंबकत्व सतत उलटसुलट होतंय.

आठवड्याभराने त्याच पावडरीचा, त्याच तापमानाला घेतलेला मॉसबावर स्पेक्ट्रम हातात आला. त्यात सहा रेघा होत्या. पसरट होत्या, पण सहा. सहा रेघा म्हणजे लोखंडाच्या केंद्रकाला स्थिर चुंबकीय क्षेत्र जाणवतंय, कणाचं चुंबकत्व एका दिशेला थांबलंय. प्रगती अहवालाच्या बैठकीत समितीतल्या मॅडमनी नेमकं बोट ठेवलं, “अगं, कण थांबलेत की उलटसुलट होतायत? एक काय ते ठरव.” मला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री कागद घेऊन बसले. एवढ्याशा कणात एकच डोमेन असतो. त्याचं चुंबकत्व सोयीच्या अक्षावर या टोकाला नाही तर त्या टोकाला राहतं, आणि मध्ये `KV` एवढा ऊर्जेचा अडथळा असतो: `K` अ‍ॅनायसोट्रॉपी, `V` कणाचं घनफळ. उष्णतेच्या धक्क्यांनी हा अडथळा ओलांडायला सरासरी किती वेळ लागतो, हे नेएलचं सूत्र सांगतं. तो वेळ आपल्या मोजण्याच्या वेळेइतका झाला, की ते ब्लॉकिंग तापमान:

```
τ = τ0 exp(KV / kB T)
TB = KV / (kB ln(τm / τ0))
```

`K` मी २ × १०⁴ जूल प्रति घनमीटर धरला. अखंड मॅग्नेटाइटपेक्षा तो जरा जास्त आहे, कारण लहान कणात पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो. १० नॅनोमीटरच्या कणासाठी `KV/kB` साधारण ७६० केल्विन येतो. `kB` हा बोल्ट्झमन स्थिरांक, `τm` मोजण्याचा वेळ, आणि `τ0` म्हणजे उलटण्याच्या दोन प्रयत्नांमधला वेळ, तो १०⁻⁹ सेकंद धरला. मॅग्नेटोमीटर एका बिंदूवर १०० सेकंद घेतो असं मानलं, तर लॉगॅरिदम २५ येतो आणि ब्लॉकिंग तापमान ३० केल्विन. मॉसबावरची खिडकी मात्र साधारण १०⁻⁸ सेकंदांची. तिथे लॉगॅरिदम जेमतेम २.३, आणि ब्लॉकिंग तापमान ३३० केल्विन! खोलीच्या ३०० केल्विनला कण सुमारे १.३ × १०⁻⁸ सेकंदांत एकदा उलटतो. मॅग्नेटोमीटरला तेवढ्यात काहीच पकडता येत नाही, तर मॉसबावरला तो जवळजवळ थांबलेला दिसतो. जवळजवळच, म्हणून रेघा पसरट. दोन्ही मोजमापं बरोबर होती. चुकलं होतं ते माझं वहीतलं वाक्य, त्यात वेळच नव्हता.

आता ३० केल्विनची खात्री करायची होती. नमुना क्षेत्राशिवाय ५ केल्विनपर्यंत थंड केला, ५० ओरस्टेडचं क्षेत्र लावलं आणि चुंबकत्व मोजत सावकाश तापवत नेला. या वक्राचं शिखर ब्लॉकिंग तापमान दाखवतं, आणि ते आलं ११० केल्विनला. माझ्या पोटात गोळाच आला.

आधी आकारांकडे पाहिलं. टीईएमच्या हिस्टोग्रामवर कण ८ ते १२ नॅनोमीटरच्या दरम्यान पसरले होते. व्यासात हा फरक किरकोळ वाटतो, पण ब्लॉकिंग तापमान घनफळाच्या पटीत चालतं: १० चे १२ नॅनोमीटर झाले की घनफळ १.७ पट, आणि ३० केल्विनचे ५२. शिवाय मोठ्या कणांचा सिग्नल मोठा, म्हणून शिखर त्यांच्याकडे ओढलं जातं. तरीही ११० चा हिशेब लागत नव्हता.

पुढचा धागा एसी ससेप्टिबिलिटीने दिला, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या क्षेत्राला नमुना किती प्रतिसाद देतो त्या मोजमापाने. वारंवारता वाढवली की मोजण्याचा वेळ कमी होतो आणि शिखर वरच्या तापमानाला सरकतं. त्या सरकण्यावरून `τ0` काढला तर आला १०⁻¹⁷ सेकंद. एकट्या कणासाठी हा १०⁻⁹ ते १०⁻¹¹ च्या आसपास असायला हवा. इतका अशक्य आकडा आला की समजावं, कण एकेकटे वागत नाहीयेत. वाळलेल्या पावडरीत ते एकमेकांना चिकटून बसलेले, शेजाऱ्याच्या क्षेत्राने अडथळा वाढवत होते.

त्याच घाण्यातला अर्धा ओला भाग मी नशिबाने ठेवला होता. त्यावर ओलिक आम्लाचा थर चढवला, कण हेक्झेनमध्ये मोकळे केले आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात वजनाने १ टक्का मिसळले. मेणाची फिकट तपकिरी वडी पुन्हा तशीच थंड करून तापवली. शिखर ४८ केल्विनला आलं आणि `τ0` १०⁻¹⁰ सेकंद. आकारांच्या पसाऱ्यातून जे अपेक्षित होतं, त्यात हे बसत होतं.

प्रबंधातल्या तक्त्यात ब्लॉकिंग तापमानाच्या प्रत्येक आकड्यासमोर मी दोन रकाने जास्तीचे ओढले: मोजण्याचा वेळ, आणि नमुना सुका की मेणातला. मॅडमनी तोच तक्ता आधी उघडला.