सरासरी 1 ओलांडली की ग्राफचं काय होतं: मी हे कसं समजून घेतलं

एर्डॉश आणि रेन्यी या गणितज्ञांचा 1960 चा निकाल मला पाठ होता. n बिंदू घ्या आणि प्रत्येक जोडी c/n या संभाव्यतेने जोडा, म्हणजे एका बिंदूला सरासरी c शेजारी मिळतात. c एकपेक्षा कमी असेल तर एकमेकांशी सांधलेल्या बिंदूंचे सगळे तुकडे किरकोळ राहतात, जास्त असेल तर एकच अजस्र तुकडा तयार होतो. पण 1 च का, हे सिद्धता वाचून काही डोक्यात शिरेना. असमानतांच्या गर्दीत मूळ कारणच हरवत होतं. शेवटी पुस्तक मिटलं आणि प्रोग्राम लिहायला बसलो.

दहा लाख बिंदू घेतले, एकेक जोडणी टाकत गेलो आणि सर्वांत मोठा तुकडा केवढा झाला ते छापत राहिलो. प्रत्येक जोडणीला दोन टोकं असल्यामुळे c = 1 म्हणजे पाच लाख जोडण्या. अडीच लाखांवर सर्वांत मोठ्या तुकड्यात जेमतेम काही डझन बिंदू होते, साडेचार लाखांवर काही शे. साडेपाच लाखांवर मात्र आकडा पावणेदोन लाखांच्या घरात गेला. आणि दुसऱ्या क्रमांकाचा तुकडा? तोपर्यंत वाढत आलेला तो आता उलट आक्रसायला लागला होता. मला खरा धागा सापडला तो इथे.

मी सगळ्या ग्राफकडे बघणं सोडलं आणि एकच बिंदू धरला. त्याचे शेजारी मोजा, मग त्या शेजाऱ्यांचे नवे शेजारी, असं पुढे. सुरुवातीला न पाहिलेले बिंदू भरपूर असतात, त्यामुळे प्रत्येकाला सरासरी c नवे शेजारी मिळतात आणि ही संख्या पॉयसाँ वितरणाने येते. म्हणजे ही वंशावळच झाली. गॉल्टन आणि वॉटसन यांनी 1874 मध्ये इंग्लंडमधली आडनावं कशी नामशेष होतात याचा हिशोब मांडला होता, तोच हा हिशोब. k व्या पिढीत सरासरी cᵏ जण असतात. c = 0.9 असेल तर सगळ्या पिढ्यांची बेरीज 1/(1−0.9), म्हणजे दहाच. वंश बुडणारच. c एकपेक्षा जास्त असेल तर वंश कधीच न बुडण्याची शक्यता शून्याहून जास्त होते. 1 चं गुपित एवढंच.

वंश बुडण्याची शक्यता q धरली, तर पहिल्या पिढीतल्या प्रत्येकाचा वंश वेगवेगळा बुडावा लागतो. त्यातून q = e^(c(q−1)) हे समीकरण मिळतं. ते असं सोडवलं:

```python
import math
c, q = 1.5, 0.0
for _ in range(100):
    q = math.exp(c * (q - 1))
print(1 - q)
```

यात q च्या किमती 0.223, 0.312, 0.356 अशा चढत जातात आणि प्रत्येक किमतीला अर्थ आहे. पहिली म्हणजे एकही शेजारी नसण्याची शक्यता, दुसरी म्हणजे दुसऱ्या पिढीपर्यंत वंश संपण्याची. शेवटी 1 − q येतं 0.583. दहा लाख बिंदूंच्या ग्राफवर साडेसात लाख जोडण्या टाकल्या, तर मोठ्या तुकड्यात 5 लाख 83 हजारांच्या आसपास बिंदू आले. ज्याचा वंश टिकतो, तो मोठ्या तुकड्यात.

पण टिकलेले सगळे एकाच तुकड्यात का? समजा, प्रत्येकी एक लाख बिंदूंचे दोन तुकडे आहेत. त्यांच्यामधल्या जोड्या 10¹⁰ आणि प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता साधारण दहा लाखांत एक. म्हणजे अपेक्षित जोडण्या दहा हजार. एकही न पडण्याची शक्यता e⁻¹⁰⁰⁰⁰, म्हणून दोन राक्षस शेजारी शेजारी नांदूच शकत नाहीत. उरलेल्या 41.7 टक्के बिंदूंत सरासरी शेजारी 1.5 × 0.417, म्हणजे 0.63 च राहतात. तो पुन्हा एकखालचाच ग्राफ. दुसरा क्रमांक आक्रसतो तो यामुळेच.

लोक इथे ‘स्फोट’ हा शब्द वापरतात, तो मला पटत नाही. मोठ्या तुकड्याचा वाटा 1 वर शून्यच असतो आणि तिथून सुमारे 2(c−1) या चढणीने वर जातो. आलेखात तिथे तुटक उडी नसते, कोन असतो. c = 1.1 ला वाटा 17.6 टक्के.

करून बघायचं असेल तर n मोठा घ्या. c = 1 च्या आजूबाजूचा संदिग्ध पट्टा साधारण n^(−1/3) इतका रुंद असतो. हजार बिंदूंवर तो 0.1 म्हणजे चांगलाच ऐसपैस, त्यामुळे कोन धूसर दिसतो आणि दर वेळी वेगळंच उत्तर येतं. दहा लाखांवर पट्टा 0.01 होतो. त्या पट्ट्यात सर्वांत मोठा तुकडा n^(2/3), म्हणजे दहा हजारांच्या पातळीचा असतो, पण त्याच्याच बरोबरीचे आणखी काही तुकडेही असतात. त्यातला नेमका कोणता पुढे राक्षस होणार, हे तिथे अजून ठरलेलं नसतं.